किराणा दुकानाचं स्वतःचं डिलिव्हरी ॲप : बनवायला दीड लाख, पण महिन्याला किती? दुकानदारांसाठी सविस्तर हिशेब

तालुक्याच्या बाजारपेठेत हल्ली एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "आपलं स्वतःचं ॲप काढलं तर?" मोठ्या शहरांसारखं गिऱ्हाईकाने मोबाईलवर सामान निवडावं आणि दुकानातल्या पोराने ते घरी पोचवावं, असा विचार अनेक किराणा दुकानदारांच्या डोक्यात आहे. ॲप बनवून देणारेही भेटतात. कोणी साठ हजार सांगतो, कोणी तीन लाख. कोणी म्हणतो महिन्यात देतो, कोणी म्हणतो सहा महिने लागतील.

एवढा फरक का पडतो? आणि कोटेशनमध्ये न लिहिलेला कोणता खर्च नंतर दर महिन्याला येत राहतो? एका साध्या उदाहरणावरून हा हिशेब समजून घेऊया. यातले आकडे नमुन्याचे आहेत. दुकानदाराने त्यांच्या जागी आपल्या दुकानाचे आकडे टाकून बघावेत.

उदाहरणातलं दुकान

समजा, तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडजवळ एक किराणा दुकान आहे. दुकानात ८०० प्रकारच्या वस्तू आहेत. गावात आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर मिळून दिवसाला २५ घरपोच ऑर्डर जातात. एका ऑर्डरचं बिल सरासरी ४०० रुपये. महिन्यात २६ दिवस धरले, तर ६५० ऑर्डर आणि २ लाख ६० हजारांची विक्री होते.

साखर, तेल, डाळीत फायदा कमी सुटतो, बिस्किट-साबण-मसाल्यात जरा जास्त. सरासरी दहा टक्के धरला तर एका ऑर्डरमागे ४० रुपये, म्हणजे महिन्याला २६ हजार रुपये सुटतात. हे ४० रुपये लक्षात ठेवायचे. ॲप, पेट्रोल, पोराचा पगार, सगळं यातूनच भागवायचं आहे.

ॲप म्हणजे एक नाही, तीन

कोटेशनमध्ये एवढा फरक पडण्याचं पहिलं कारण म्हणजे "ॲप" या शब्दात काय काय धरलंय हे कोणी स्पष्ट विचारत नाही. गिऱ्हाईकाला दिसतं ते एक ॲप. पण त्यामागे दुकानदारासाठी वेगळं पान लागतं, जिथे तो भाव बदलतो, संपलेला माल बंद करतो आणि आलेली ऑर्डर बघतो. तिसरं पान माल पोचवणाऱ्या पोरासाठी. त्याला पत्ता, फोन नंबर आणि किती पैसे घ्यायचे हे दिसायला हवं.

साठ हजारवाल्याने बऱ्याचदा फक्त पहिलंच धरलेलं असतं. दुकानदाराचं पान नसेल, तर तेलाचा भाव दोन रुपयांनी वाढला तरी ॲप बनवणाऱ्याला फोन करावा लागतो. तो प्रत्येक बदलाचे पैसे मागतो किंवा दोन दिवस फोनच उचलत नाही. तोवर गिऱ्हाईकं जुन्या भावाने तेल मागवत राहतात.

कामाचे दिवस मोजा

अंदाज काढायची साधी रीत म्हणजे घर बांधताना जसे गवंड्याचे दिवस मोजतात, तसे इथे कामाचे दिवस मोजायचे. एका अनुभवी माणसाने फक्त अँड्रॉइड फोनसाठी काम करायचं धरलं, तर अंदाज साधारण असा येतो :

- कोणत्या पानावर काय दिसणार हे कागदावर ठरवणं : ४ दिवस
- गिऱ्हाईकाची नोंदणी आणि पत्ता : ६ दिवस
- वस्तूंची यादी, शोधायची सोय, पिशवीत टाकणं : १० दिवस
- ऑर्डर देणं, "निघाली-पोचली" अशा सूचना : ८ दिवस
- ऑनलाइन पैसे भरण्याची सोय : ५ दिवस
- दुकानदाराचं पान : १२ दिवस
- माल पोचवणाऱ्याचं पान : ५ दिवस
- चाचणी आणि चुका दुरुस्त करणं : १० दिवस

एकूण ६० दिवस. दिवसाचा दर १,८०० रुपये धरला, तर १ लाख ८ हजार होतात. पण काम सुरू झाल्यावर दुकानदाराला नव्या गोष्टी सुचतातच. "अर्धा किलो, पाव किलो असं निवडता आलं पाहिजे." "उधारीची वही पण ॲपमध्ये हवी." म्हणून वर चौथाई रक्कम राखून ठेवायची. म्हणजे आणखी २७ हजार, एकूण १ लाख ३५ हजार.

कोटेशन यापेक्षा फार कमी असेल, तर बनवणाऱ्याकडे आधीचं तयार ॲप आहे आणि तो नाव-रंग बदलून देणार आहे, किंवा वरच्या यादीतलं काहीतरी गाळलेलं आहे. तयार ॲप घेण्यात वाईट काही नाही, ते स्वस्तच पडतं. पण तसं आहे का, हे आधी विचारायचं. फार जास्त असेल तर आयफोनसाठी वेगळं ॲप, नकाशावर पोराची हालचाल दाखवणं अशा गोष्टी धरलेल्या असतात. गावातल्या दुकानाला त्यांची गरज क्वचितच पडते. पोरगा कुठे पोचला हे एका फोनवर कळतं.

बनवणारी कंपनी जीएसटी नोंदणीकृत असेल तर १८ टक्के वर लागतात. १ लाख ३५ हजारांवर ते २४,३०० रुपये होतात. दुकानदार कंपोझिशन योजनेत असेल तर त्याला या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे ही रक्कम पूर्ण खिशातून जाते. कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात "टॅक्स वेगळा" लिहिलंय का, ते आधी बघावं.

सुरुवातीचा बाकीचा खर्च

ॲप गुगल प्ले स्टोअरवर टाकायचं तर डेव्हलपर खात्यासाठी २५ डॉलर एकदाच भरावे लागतात, म्हणजे साधारण सव्वादोन हजार रुपये. आयफोनसाठी मात्र ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर द्यावे लागतात.

नोंदणीच्या वेळी गिऱ्हाईकाला ओटीपीचा एसएमएस पाठवायचा असेल, तर टेलिकॉम नियामक ट्रायच्या नियमाप्रमाणे दुकानाची डीएलटी नोंदणी लागते. पाठवणाऱ्याचं नाव आणि मेसेजचा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. नोंदणीसाठी साधारण सहा हजार रुपये बाजूला ठेवावेत.

आणि जो खर्च कोणीच धरत नाही, तो ८०० वस्तूंची यादी भरण्याचा. नाव, वजन, भाव आणि फोटो. एका वस्तूला पाच मिनिटं धरली तरी ४,००० मिनिटं, म्हणजे ६६ तासांच्या वर काम. रोज आठ तास बसलं तरी नऊ दिवस जातात. दिवसाला ५०० रुपयांनी कोणाला बसवलं, तर ४,५०० रुपये.

सगळं मिळून १,३५,००० + २,२०० + ६,००० + ४,५०० = १ लाख ४७ हजार ७०० रुपये. जीएसटी सोडून हा सुरुवातीचा खर्च झाला.

"दीड महिन्यात देतो" यातलं खरं किती?

६० दिवसांचं काम एका माणसाने आठवड्याला सहा दिवस केलं, तर दहा आठवडे लागतात. बदलांसाठी राखलेल्या चौथाईचे आणखी अडीच आठवडे. हे झालं बनवण्याचं. पण बनवून झालं म्हणजे गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर आलं, असं नाही.

नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्यांना गुगलची एक अट आहे. ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस ते चाचणीसाठी घेतलेलं असलं पाहिजे. या १२ जणांकडे अँड्रॉइड फोन आणि स्वतःचं गुगल खातं हवं. मधेच कोणी बाहेर पडला आणि संख्या १२ च्या खाली गेली, तर सलग १४ दिवसांची अट मोडते. म्हणून नेहमीच्या गिऱ्हाईकांतले, भाऊबंदांतले १५-१६ जण आधीच ठरवून ठेवावेत आणि त्यांना सांगावं, "दोन आठवडे ॲप काढू नका आणि मधेमधे वापरत राहा."

त्यानंतर गुगलकडून तपासणी होते. ॲपमध्ये खातं उघडता येत असेल, तर ते काढून टाकायची सोयही द्यावी लागते. गिऱ्हाईकाच्या माहितीचं काय करणार हे सांगणारं पान इंटरनेटवर असावं लागतं. यातलं काही राहिलं तर ॲप परत येतं. तपासणी आणि दुरुस्तीला एक आठवडा धरला, तर दहा, अडीच, दोन आणि एक मिळून साडेपंधरा आठवडे होतात. म्हणजे जवळजवळ चार महिने.

दिवाळीला ॲप सुरू करायचं असेल, तर आषाढी एकादशीच्या सुमारास काम सुरू झालेलं हवं. गणपतीत ॲडव्हान्स देऊन दिवाळीला मिळेल अशी आशा धरू नये.

उशीर दर वेळी बनवणाऱ्यामुळेच होतो असंही नाही. वस्तूंची यादी दुकानदाराकडून वेळेत न येणं, पेमेंट गेटवेच्या कागदपत्रांत दुकानाचं नाव एक आणि बँक खात्याचं नाव दुसरं असणं, यात आठवडे जातात. शॉप ॲक्टचा दाखला, पॅन, बँक खातं आणि एफएसएसएआय नोंदणी यावरची नावं आधी जुळवून घ्यावीत.

आता महिन्याचा खर्च

खरी मेख इथे आहे. दीड लाखाची तयारी दुकानदाराने केलेली असते. पुढचा खर्च मात्र महिन्याच्या महिन्याला थोडा थोडा निघतो, म्हणून तो डोळ्यांत भरत नाही.

पहिला खर्च सर्व्हरचा. ऑर्डरची सगळी माहिती जिथे साठते, त्या संगणकाचं हे भाडं. लहान दुकानाला बॅकअपसह महिन्याला हजार रुपये धरावेत. कोटेशनमध्ये "होस्टिंग एक वर्ष मोफत" असेल, तर दुसऱ्या वर्षी किती, हे लिहून घ्यावं. इंटरनेटवरच्या नावाचं, म्हणजे डोमेनचं, तसंच आहे. पहिल्या वर्षी शंभर-दोनशेत मिळतं, नूतनीकरणाला जास्त लागतात. वर्षाला ९०० धरले तर महिन्याला ७५. ओटीपीचे एसएमएस महिन्याला १५० रुपयांत भागतात.

दुसरा खर्च ऑनलाइन पैशांचा. दुकानातल्या क्यूआर कोडवर गिऱ्हाईकाने बँक खात्यातून यूपीआय केलं, तर जानेवारी २०२० पासून त्यावर दुकानदाराला एमडीआर शुल्क नाही. दुकानदार धरून चालतो की ॲपमध्येही असंच फुकट असेल. पण ॲपमध्ये पैसे घ्यायला पेमेंट गेटवे लागतो, आणि गेटवे कंपन्या आपल्या सेवेचं शुल्क लावतात. ते बहुतेक ठिकाणी दोन टक्क्यांच्या आसपास असतं, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. यूपीआयसाठी वेगळा दर आहे का, हे त्या त्या कंपनीला विचारूनच घ्यावं.

उदाहरणातल्या दुकानाच्या निम्म्या ऑर्डरचे पैसे गेटवेतून आले, तर १ लाख ३० हजारांवर दोन टक्के म्हणजे २,६०० रुपये, वर जीएसटी ४६८. एकूण ३,०६८ रुपये दर महिन्याला. दोन टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण ४०० च्या ऑर्डरवर हे साडेनऊ रुपये होतात आणि दुकानदाराच्या वाट्याला एकूण ४०च असतात. म्हणजे फायद्यातला जवळजवळ चौथा हिस्सा तिथेच गेला.

तिसरा खर्च देखभालीचा. ॲप एकदा बनवलं की वर्षानुवर्षं तसंच चालतं, हा मोठा गैरसमज आहे. अँड्रॉइडची नवी आवृत्ती येते, तसं गुगल दरवर्षी ऑगस्टअखेर प्ले स्टोअरवरच्या ॲपना ठरावीक नव्या पातळीवर यायला सांगतं. जे ॲप मागे राहतं, ते नवा फोन घेतलेल्या नव्या गिऱ्हाईकाला प्ले स्टोअरवर दिसेनासं होतं. जुन्या लोकांच्या फोनवर चालत असतं, म्हणून दुकानदाराला पत्ताच लागत नाही. ओळखायची खूण म्हणजे गिऱ्हाईक सांगू लागतं, "शेठ, तुमचं ॲप माझ्या नव्या मोबाईलवर सापडत नाही." अशा कामांसाठी बनवण्याच्या खर्चाच्या पंधरा टक्के दरवर्षी बाजूला ठेवावेत. १ लाख ३५ हजारांचे ते सव्वावीस हजार, म्हणजे महिन्याला साधारण १,७०० रुपये.

चौथा खर्च माणसाचा. रोज भाव बदलणं, संपलेला माल बंद करणं, नव्या वस्तूचा फोटो टाकणं. रोज एक तास धरला आणि तासाचे ६० रुपये, तर महिन्याला १,५६० रुपये. घरचाच मुलगा करतो म्हणून हा खर्च धरायचा नाही, असं करू नये. त्याची परीक्षा आली की हे काम थांबतं. मग ॲपवर दिसणारी तूरडाळ दुकानात नसते. गिऱ्हाईकाला दोनदा "ती संपलीय" असा फोन गेला, की तिसऱ्यांदा ते ॲप उघडतच नाही.

या सगळ्याची बेरीज : १,००० + ७५ + १५० + ३,०६८ + १,७०० + १,५६० = ७,५५३ रुपये महिन्याला.

एका ऑर्डरमागे काय उरतं?

यात माल पोचवण्याचा खर्च अजून धरलेला नाही. अर्ध्या दिवसाच्या कामाला पोराला महिन्याला ८,००० रुपये दिले आणि रोजचे ७० रुपये पेट्रोलला लागले, तर ९,८२० रुपये होतात. ६५० ऑर्डरवर वाटले तर ऑर्डरमागे १५ रुपये.

सुरुवातीचे १ लाख ४७ हजार ७०० तीन वर्षांत वसूल करायचे म्हटले, तर महिन्याला साधारण ४,१०० रुपये.

आता महिन्याचा हिशेब असा :

- मिळकत : २६,००० रुपये
- माल पोचवणं : ९,८२० रुपये
- ॲपचा चालू खर्च : ७,५५३ रुपये
- बनवण्याच्या खर्चाचा हप्ता : ४,१०० रुपये
- उरले : ४,५२७ रुपये

म्हणजे ४०० रुपयांच्या एका ऑर्डरमागे सात रुपये. आणि कर्ज काढून ॲप बनवलं असेल तर व्याज याच सात रुपयांतून.

हे २५ च्या २५ ऑर्डर होत राहिल्या तर. ॲपवर दिवसाला आठच ऑर्डर आल्या असत्या, तर महिन्याला २०८ ऑर्डर आणि ८,३२० रुपये मिळकत. गेटवे अजिबात नाही असं धरलं तरी ॲपचा चालू खर्च ४,४८५ आणि हप्ता ४,१०० मिळून ८,५८५ होतात. पोराला एक रुपया द्यायच्या आधीच तोटा.

नव्या ऑर्डर किती, हा खरा प्रश्न

वरच्या हिशेबात आणखी एक बाब दडलेली आहे. त्या २५ ऑर्डर आधीही येतच होत्या, फोनवर. "दादा, दोन किलो साखर, एक तेलाची पिशवी आणि चहापत्ती पाठवून द्या" असं सांगणारी तीच गिऱ्हाईकं ॲपवर आली, तर विक्री एक रुपयाने वाढत नाही. खर्च मात्र महिन्याला चालू ७,५५३ आणि हप्ता ४,१०० मिळून ११,६५३ रुपयांनी वाढतो.

म्हणून ॲपचा खर्च जुन्या ऑर्डरवर न टाकता नव्या ऑर्डरवर टाकून बघावा. एका नव्या ऑर्डरमागे ४० रुपये मिळतात, पोचवायचे १५ जातात, २५ उरतात. ११,६५३ भागिले २५ म्हणजे ४६६ नव्या ऑर्डर महिन्याला, दिवसाला जवळजवळ १८. गेटवे न ठेवता घरपोच देताना क्यूआर कोडवर किंवा रोख पैसे घेतले, तर हा आकडा दिवसाला १३ वर येतो.

तालुक्याच्या गावात ॲपमुळे रोज १३ नवी बिलं येतील का, याचं उत्तर ॲप बनवणारा देऊ शकत नाही. ते दुकानदारालाच माहीत असतं. बाजारात आणखी चार दुकानं घरपोच देत असतील, तर कठीण. आसपास नोकरदारांची नवी कॉलनी झाली असेल, हॉस्टेल असेल, किंवा लांबच्या वस्त्यांना आजवर कोणीच माल पोचवत नसेल, तर शक्य आहे.

आधी तीन महिने स्वस्तात मोजून बघा

हे जाणून घ्यायला दीड लाख घालायची गरज नाही. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप मोफत आहे. त्यात कॅटलॉग करता येतो आणि ५०० पर्यंत वस्तू टाकता येतात. ८०० पैकी रोज खपणाऱ्या २०० वस्तू टाकल्या तरी सुरुवातीला पुरतं. गिऱ्हाईक वस्तू निवडून यादी पाठवतं, पैसे घरी माल आल्यावर यूपीआयने किंवा रोख.

तीन महिने एका वहीत तीन गोष्टी लिहायच्या : रोज किती ऑर्डर आल्या, त्यातली नवी गिऱ्हाईकं किती, आणि ऑर्डर लिहून घ्यायला किती वेळ गेला. ऑर्डर २५ च्या पुढे गेल्या, त्यात नवी बरीच आहेत आणि मेसेज वाचण्यात दोन-तीन तास जात आहेत, असं दिसलं तर पुढची पायरी चढायला हरकत नाही.

पुढची पायरीही लगेच स्वतःचं ॲप नसते. महिन्याच्या भाड्याने तयार दुकान-ॲप देणाऱ्या कंपन्या आहेत. तिथे सर्व्हर आणि देखभाल त्यांच्याकडे असते. मात्र घेण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. भाड्याशिवाय दर ऑर्डरवर कमिशन आहे का? आणि सेवा बंद केली तर गिऱ्हाईकांची यादी परत मिळते का?

प्ले स्टोअरवरून विकलेल्या डिजिटल वस्तूंवर गुगल कमिशन घेतं, हे ऐकून काही दुकानदार घाबरतात. किराणा, भाजीपाला अशा प्रत्यक्ष हातात देण्याच्या मालावर ते लागत नाही.

बनवायचंच ठरलं, तर कागद पक्का करा

शेवटचा छुपा खर्च सर्वांत महाग पडतो. तो म्हणजे ॲप दुकानदाराच्या नावावर नसणं. बनवणारा सोयीसाठी स्वतःच्याच डेव्हलपर खात्यावरून ॲप टाकतो, डोमेन स्वतःच्या ईमेलवर घेतो, सर्व्हरचा पासवर्ड स्वतःकडे ठेवतो. दोन वर्षांनी त्याला पुण्यात नोकरी लागते, फोन बंद. सर्व्हरचं भाडं थकतं आणि ॲप एका सकाळी उघडतच नाही. दुसऱ्याकडे गेलं तर तो म्हणतो, नव्याने बनवावं लागेल.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन प्रोग्रॅम लिहून घेतला, तरी वेगळा करार नसेल तर त्याचा पहिला मालक तो लिहिणाराच असतो. हक्क दुकानदाराकडे यायचा असेल तर तो लेखी आणि सहीने द्यावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो. म्हणून "कायमस्वरूपी हक्क" असे शब्द करारात हवेत.

काम सुरू होण्याआधी एवढं लिहून घ्यावं :

- डेव्हलपर खातं, डोमेन आणि सर्व्हर दुकानदाराच्या नावाने, ईमेलने आणि मोबाईल नंबरने असेल. बनवणाऱ्याला फक्त कामापुरती परवानगी.
- ॲपचा संपूर्ण कोड आणि सगळे पासवर्ड शेवटचा हप्ता देण्याआधी ताब्यात मिळतील.
- पैसे चार टप्प्यांत : सुरुवातीला २० टक्के, गिऱ्हाईकाचं ॲप चालल्यावर ३०, दुकानदाराचं आणि पोराचं पान चालल्यावर ३०, आणि प्ले स्टोअरवर आल्यानंतर महिनाभराने उरलेले २०.
- दुसऱ्या वर्षापासून सर्व्हर, डोमेन आणि देखभालीचे दर काय असतील. "लाइफटाइम सपोर्ट" म्हणजे नेमकं कोणतं काम फुकट आणि कोणतं नाही.

कोटेशन हातात आलं की त्यातला शेवटचा आकडा आधी बघू नये. दुसऱ्या वर्षाचा महिन्याचा खर्च विचारावा, त्याला एका नव्या ऑर्डरमागे उरणाऱ्या रुपयांनी भागावं आणि २६ दिवसांवर वाटावं. जो आकडा येईल, तेवढ्या नव्या ऑर्डर रोज मिळतील का, हे गल्ल्यावर बसून वहीत बघावं. मिळत नसतील, तर तूर्त व्हॉट्सॲपची यादी आणि पोराची गाडी एवढ्यावर धंदा नीट चालतो.